वाईत एक महिना: दिनचर्या सांभाळणारे बिऱ्हाड कसे निवडावे?

लेखापाल_डोंबिवली

सर्वांना नमस्कार. मी केंद्र सरकारच्या लेखा विभागातून निवृत्त झालो असून सौ. शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. आम्ही दोघे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत वाईत राहण्याचा विचार करीत आहोत. महाबळेश्वर, पाचगणी, प्रतापगड हे सारे पूर्वी पाहून झालेले असल्यामुळे या वेळी प्रेक्षणीय स्थळांची यादी नको आहे. सकाळी फिरणे, वर्तमानपत्र, ग्रंथालय, दुपारची झोप, संध्याकाळी घाटावर तासभर बसणे आणि रात्री माझी पेटी, एवढाच कार्यक्रम रोज त्याच क्रमाने व्हावा, अशी इच्छा आहे.

दोन जागा डोळ्यांसमोर आहेत. पहिली गणपती आळीजवळ जुन्या वाड्याच्या माडीवरील दोन खोल्या. दुसरी धोमच्या रस्त्याला, गावापासून पाचेक किलोमीटरवरचा बंगला. तेथून डोंगर व शेते दिसतात, व्हरांडा मोठा आहे आणि छायाचित्रे पाहून आमची मुलगी त्याच्याच बाजूने आहे. भाडे साधारण सारखेच आहे. सौ. यांचे गुडघे दुखतात आणि मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. जाणकारांनी कोणती जागा घ्यावी ते सांगावे, आणि आणखी काय पाहून घ्यावे तेही सांगावे.

भटका_जोशी

उत्तम बेत आहे. पहिल्या आठवड्यात मेणवली, धोम आणि पांडवगड उरकून घ्यावे, दुसऱ्यात पाचगणीचे टेबललँड व महाबळेश्वर, तिसऱ्यात कास, ठोसेघर आणि सज्जनगड करावे, म्हणजे चौथा आठवडा रायरेश्वरासाठी मोकळा राहतो. गाडी स्वतःची असेल तर एका दिवसात दोन ठिकाणेही सहज होतात.

टवाळ_पोर

जोशीकाका, मूळ प्रश्नातील चौथे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, ही नम्र विनंती. पांडवगडावर पेटी कोण वाहणार?

कृष्णाकाठची

माझे माहेर वाईचे, आणि आमच्या घरच्या मागच्या खोल्यांमध्ये अशी महिना-दोन महिन्यांची बिऱ्हाडे राहून गेलेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

धोम रस्त्यावरच्या बंगल्याचा मोह मी समजू शकते, परंतु तुम्ही दिनचर्येची जी यादी दिली आहे तीच त्या बंगल्याच्या विरुद्ध जाते. वर्तमानपत्र, ग्रंथालय, घाट, भाजी आणि डॉक्टर हे पाचही तेथून पाच किलोमीटर दूर आहेत. म्हणजे प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागणार किंवा रिक्षा बोलवावी लागणार. पहिले तीन-चार दिवस उत्साहाने जाल. त्यानंतर "आज राहू द्या, उद्या एकदमच जाऊ" असे सुरू होते, आणि दुसऱ्या आठवड्यात मंडळी व्हरांड्यात बसून डोंगराकडे पाहत मोबाईल चाळू लागतात. डोंगर फार सुंदर आहेत, पण ते रोज तेच असतात. शिवाय तो रस्ता अरुंद आहे, उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम नेमका तुमच्याच महिन्यात असतो आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्याने पायी फिरण्यासारखी परिस्थिती नाही.

गावातील जागेचे गणित निराळे आहे. गणपती आळीतून बाहेर पडले की ढोल्या गणपती आणि घाट समोरच. मंडई आणि औषधाचे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. लोकमान्य टिळक स्मारकाचे ग्रंथालयही गावातच आहे; तेथे महिन्यापुरते सभासदत्व कसे घेता येईल ते आधीच विचारून ठेवावे, कारण पुस्तक घरी नेण्यासाठी बहुतेक ठिकाणी अनामत ठेवावी लागते आणि स्थानिक ओळख विचारतात.

परंतु तुम्ही "माडी" हा शब्द लिहिला आहे, आणि काकूंचे गुडघे दुखतात. जुन्या वाड्याचा जिना म्हणजे काय, हे डोंबिवलीच्या लिफ्टमध्ये बसून कळत नाही. तो बहुधा लाकडी, अंधारा आणि शिडीसारखा उभा असतो, पायरी उंच आणि पाऊल ठेवायला अरुंद असते, आणि आधाराला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर असतो. त्यात शौचालय खाली परसात असेल तर रात्री दोनदा तो जिना उतरावा लागेल. म्हणून तुमच्या दोन जागांपैकी मी एकही घेणार नाही. गंगापुरी, ब्राह्मणशाही किंवा सिद्धनाथवाडीच्या बाजूला तळमजल्यावर, कमोड असलेली जागा शोधा. छायाचित्रे पाठवताना मालकाला शयनगृहाऐवजी न्हाणीघराचे, जिन्याचे आणि ओट्याचे छायाचित्र पाठवायला सांगा.

अण्णा_सातारकर

ताईंशी बऱ्याच अंशी सहमत. फक्त घाटावर बसण्याविषयी सांगतो. घाटाच्या पायऱ्या दगडी आहेत, पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून वरच्या टप्प्यावरच बसावे. आणि वाईत चित्रीकरणे फार होतात. एखादे दिवशी तुमच्या नेहमीच्या जागेवर दिव्यांचे खांब उभे असतील.

भाडेकराराची काळजी करू नये. अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा करार नोंदवावा लागत नाही. साध्या कागदावर दोन ओळी लिहिल्या की झाले.

दस्तलेखक

अण्णा, तुमचे म्हणणे देशातील अनेक राज्यांच्या बाबतीत खरे आहे, कारण नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याच्या जागेचा करार, मग तो भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, लेखी असावा लागतो आणि नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास दंड किंवा कैद त्याला होऊ शकते. करार लेखी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते, म्हणून खरे तर मालकानेच आग्रह धरायला हवा.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते, आणि नगरपरिषदेच्या हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये, ग्रामीण भागात 500 रुपये. आधारशी जोडलेल्या बोटाच्या ठशाने हे काम ऑनलाइन होते. वाई शहरात नगरपरिषद आहे. बंगला मात्र ग्रामपंचायतीच्या हद्दीत असावा.

आता महत्त्वाचा फरक. मालक निवासाची रीतसर व्यवस्था चालवत असेल, नोंदवहीत तुमची नावे लिहून ओळखपत्राची प्रत घेत असेल आणि रोजच्या दराने पावती देत असेल, तर तुम्ही पाहुणे ठरता व कराराचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु खाजगी घराच्या खोल्या महिन्याच्या भाड्याने घेणार असाल तर करार करून घ्यावा आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचेही त्यातच उरकून टाकावे.

अण्णा_सातारकर

कलमाची माहिती नवी आहे, धन्यवाद. तरीही एका महिन्यासाठी एवढा खटाटोप करणारा मालक मला आजवर भेटलेला नाही.

दस्तलेखक

मलाही क्वचितच. म्हणून तर रोजच्या दराने पावती देणारे पाहावेत असे सुचवले. त्यांच्याशी महिन्याचा भाव ठरवता येतो, मात्र तो रोजच्या दराला तिसाने गुणून ठरवू नये. समजा दर रात्रीला 2500 रुपये आहे. गुणाकार 75,000 होतो आणि तेवढे कोणी देत नाही. पण सोमवार ते गुरुवार त्यांच्या खोल्या बहुधा रिकाम्याच असतात, म्हणजे खरी कमाई शनिवार-रविवारची. त्या चार-साडेचार आठवड्याअखेरींची रक्कम आधी काढावी, इतर दिवसांसाठी थोडी भर घालावी आणि तेथून बोलणे सुरू करावे. या उदाहरणात शुक्रवार व शनिवार मिळून नऊ रात्री धरल्या तर 22,500 होतात. 30,000 च्या आसपास सौदा जमायला हरकत नाही. वीज त्यात धरली आहे की मीटरप्रमाणे वेगळी, हे त्याच वेळी लिहून घ्यावे.

वैशाली_म

सर्व मंडळी जिना, करार आणि भाव यांवर बोलून झाली, आता मी स्वयंपाकघराबद्दल लिहिते. लेखापालकाका, तुमच्या दिनचर्येत फिरणे आहे, झोप आहे, पेटी आहे. दोन वेळचे जेवण कोण करणार हे कोठेच लिहिलेले नाही. काकूंच्या दिनचर्येत काय आहे, हे त्यांना विचारले आहे का?

आम्ही असेच एका गावात महिनाभर राहिलो होतो. जागा छान होती. ओट्याखाली बारा स्टीलचे पेले, एकच डाव, शिट्टी नसलेला कुकर आणि कडा वर वळलेला नॉनस्टिक तवा अशी भांडी होती, आणि सुरी होती ती टोमॅटोलाही घाबरत असे. पहिल्या आठवड्यात मी घरी करते त्याच्या दुप्पट वेळ ओट्याशी उभी होते. नंतर सकाळचा पोळी-भाजीचा डबा लावला आणि रात्री खिचडी किंवा भाकरी-पिठले एवढेच घरी ठेवले, तेव्हा कोठे माझा महिना सुरू झाला.

कृष्णाकाठची

वैशालीताई, अगदी योग्य मुद्दा. वाईत घरगुती डबे देणाऱ्या बायका आहेत. जाण्यापूर्वी घरमालकिणीला विचारले तर ती आपल्याच आळीतले नाव सांगते. पहिल्याच दिवशी पूर्ण महिन्याचे पैसे न देता आठवड्याचे द्यावेत. तिखट आणि तेल आपल्याला मानवते का, ते तेवढ्यात समजते. साताऱ्याकडचे जेवण डोंबिवलीपेक्षा झणझणीत असते आणि रक्तदाब असेल तर मिठाचेही सांगून ठेवावे लागते.

घरून नेण्याच्या वस्तूंमध्ये तुमचा नेहमीचा तवा, धारदार सुरी, कुकरची शिट्टी व रिंग आणि किसणी एवढेच पुरे. गॅसची सोय नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही.

लेखापाल_डोंबिवली

सौ. यांना विचारले. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत देतो: "मला कोणी तरी केलेली पोळी खायची आहे, आणि दुपारी कोणी तरी बोलायला हवे." पोळीचा मार्ग सापडला. दुसऱ्याचे काय करावे?

निवृत्त_शिक्षिका_मैसूर

मी मूळची सांगलीची, सध्या मुलाकडे मैसूरला असते, आणि येथे महिना-दोन महिने राहायला येणारी ज्येष्ठ जोडपी रोज पाहते, म्हणून लिहिते. कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी सकाळी फिरणाऱ्यांची फार मोठी वर्दळ असते. जी जोडपी रोज त्याच वेळी येतात, त्याच बाकावर टेकतात आणि परतताना त्याच ठिकाणी कॉफी घेतात, त्यांच्याकडे दहा-बारा दिवसांत कोणी ना कोणी चौकशी करू लागते. कन्नड येत नसले तरी चालते. जी मंडळी रोज नवी वाट धरतात ती महिनाअखेरपर्यंत अनोळखीच राहतात. तुमच्या सौभाग्यवतींनी एकच देऊळ, एकच भाजीवाली आणि एकच वेळ धरावी.

तुम्ही मैसूरचाही विचार करावा. हवा वाईपेक्षा सौम्य आहे आणि पदपथ रुंद आहेत.

टवाळ_पोर

प्रश्न वाईचा, उत्तर मैसूरचे. आता कोणी तरी पॉंडिचेरी काढा म्हणजे धागा पूर्ण होईल.

सॅन_होजेकर

पॉंडिचेरी नाही, पण आमचे आई-बाबा दरवर्षी येथे येतात तेव्हा हाच प्रश्न येतो. गाडी चालवता येत नाही, म्हणून सर्व काही मुलाच्या सुट्टीवर अवलंबून राहते. भाडेपट्टा, जिना, डबा हे सारे असले तरी "मला हवे तेव्हा एकट्याला बाहेर पडता येते का" हाच खरा प्रश्न आहे. बाबा येथे ग्रंथालयाजवळच्या घरात राहिले तेव्हा खुश होते आणि डोंगरावरच्या मोठ्या घरात कंटाळले.

डॉ_आपटे

मी चिकित्सक म्हणून थोडे लिहितो. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या न नेता दीड महिन्याच्या न्याव्यात, आणि चिठ्ठीवर औषधाच्या घटकाचे नाव व मात्रा स्पष्ट लिहून घ्यावी, कारण लहान गावात तीच कंपनी मिळेलच असे नाही. पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी, तब्येत चांगली असताना, जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन एकदा रक्तदाब तपासून घ्यावा. त्या निमित्ताने दोन प्रश्न विचारावेत: रात्री अकरानंतर छातीत दुखले तर ईसीजी कोठे निघतो, आणि तेथून पुढे रुग्णाला कोठे पाठवतात? सातारा वाईपासून साधारण 35 किलोमीटर आहे, पुणे त्याच्या दुपटीहून अधिक. पुण्याला नेले तर शनिवारी महामार्गावर किती वेळ लागतो हे स्थानिक माणसालाच ठाऊक असते. बंगल्याला माझा विरोध मुख्यतः याच कारणाने आहे. रात्री रुग्णवाहिकेला त्या बंगल्याचा पत्ता कसा सांगणार?

दुसरे असे की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नदीकाठी पहाटे गारठा आणि धुके असते. डोंबिवलीच्या सवयीने साडेपाचला बाहेर पडू नये. ऊन पडल्यावर, सातच्या पुढे निघावे.

अण्णा_सातारकर

डॉक्टर, आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत पहाटे चारला कृष्णेत स्नान केले आहे.

डॉ_आपटे

अण्णा, आजोबांना साष्टांग नमस्कार. ते लहानपणापासून करीत होते. डोंबिवलीहून आलेल्या गृहस्थांनी पंधरा नोव्हेंबरला सुरुवात करू नये.

निवृत्तिवेतनधारक

कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. लेखापाल साहेब, आपण केंद्राचे निवृत्तिवेतन घेता आणि नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना आहे. त्यासाठी डोंबिवलीच्या बँकेत परत येण्याचे कारण नाही. जीवन प्रमाण अॅपवरून चेहऱ्याच्या ओळखीने दाखला कोठूनही देता येतो. पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि आधारशी जोडलेला मोबाईल जवळ हवा. निघण्यापूर्वी, म्हणजे एक ते पंधरा नोव्हेंबरच्या दरम्यान, घरीच उरकले तर उत्तम. नाही तर जुन्या वाड्यात जाड भिंतींमुळे मोबाईलला रेंज मिळत नाही आणि ओटीपी येत नाही. जागा पाहायला जाल तेव्हा आतल्या खोलीत उभे राहून कोणाला तरी फोन लावून पाहावा.

कृष्णाकाठची

त्याला जोडून आवाजाचेही पाहावे. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, आणि ती तुमच्याच मुक्कामात येते. जवळ मंगल कार्यालय असेल तर काकांची पेटी रात्री कोणालाच ऐकू जाणार नाही. मालकाला "शांत आहे का?" असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी होच असते, "सर्वांत जवळचे कार्यालय कोणते?" असे विचारावे. तसेच पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणारी वाहने शनिवार-रविवारी, आणि डिसेंबर लागला की वरचेवर, गावातून पसरणी घाटाकडे जातात. त्या रस्त्याला लागून असलेली जागा घेऊ नये.

जागा पाहायला बुधवारी येऊन चालणार नाही. शनिवारी दुपारी या आणि रविवारी संध्याकाळपर्यंत राहा. बुधवारचे वाई आणि रविवारचे वाई ही दोन निराळी गावे आहेत.

वैशाली_म

ही सूचना अर्धीच पटते. केवळ शनिवार-रविवार पाहिले तर गर्दी पाहून माणूस विनाकारण नाही म्हणेल. राहायचे मुख्यतः इतर दिवशीच आहे. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ राहावे, म्हणजे दोन्ही दिसेल.

कृष्णाकाठची

मान्य, पण तेवढ्या रात्रींचा पूर्ण दर द्यावा लागेल. महिन्याच्या भाड्यातून ते वळते करून घेण्याचे आधी बोलून ठेवावे.

टवाळ_पोर

गंभीर प्रश्न विचारतो. स्वतःची गाडी न्यावी की नाही?

अण्णा_सातारकर

नेऊ नये. आळीत लावायला जागा नाही, आणि गाडी दाराशी असली की जोशीबुवांची यादी डोक्यात फिरू लागते. स्वारगेटहून एसटी मिळते. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व स्त्रियांना एसटीचे निम्मे तिकीट आहे, 75 च्या पुढे प्रवास विनामूल्य आहे. आधार कार्ड जवळ ठेवावे.

भटका_जोशी

माझ्या यादीला अजूनही काही मंडळी हसत आहेत. ठीक आहे. तरीही मेणवलीचा घाट तीन किलोमीटरवर आहे आणि सपाट रस्ता आहे. एखाद्या दिवशी रिक्षाने जाऊन यावे, त्याला स्थलदर्शन म्हणू नये.

लेखापाल_डोंबिवली

जोशी साहेब, मेणवली मान्य. सर्वांचे मनापासून आभार.

दोन्ही जागांना नकार कळवला आहे. कृष्णाकाठची यांनी व्यक्तिगत संदेशातून ब्राह्मणशाहीतील एका तळमजल्याचा पत्ता दिला. मालक पाहुण्यांची नोंदवही ठेवतात आणि पावती देतात. न्हाणीघराचे छायाचित्र मागितल्यावर त्यांनी आश्चर्य व्यक्त केले, पण पाठवले. कमोड आहे, भिंतीला धरायला दांडी नाही. ती बसवण्याचा खर्च आम्ही देऊ असे कळवले आहे. जवळचे कार्यालय कोणते हे विचारल्यावर मात्र ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, "तसे एक आहे, पण मोठी लग्ने तेथे फारशी होत नाहीत." शुक्रवार ते सोमवार जाऊन पाहतो. त्या आठवड्यात मुहूर्त आहे का, हे पंचांगात कोणी पाहून सांगेल का?

कृष्णाकाठची

मुहूर्त नसलेल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही, काका. मुहूर्त असेल तेव्हाच जा.